घरातलं पाणी जातं कुठे?

सकाळी भरलेली टाकी संध्याकाळी रिकामी होते आणि संशय सगळ्यांत आधी आंघोळीवर येतो. मोजून पाहिलं, तर चित्र बहुधा वेगळंच निघतं.

मोजायला खुणा केलेली बादली आणि घड्याळ पुरतं. नळाखालची १५ लिटरची बादली दीड मिनिटात भरली, तर तो नळ मिनिटाला १० लिटर पाणी देतो. आता भांडी घासताना नळ किती मिनिटं चालू राहतो, तेवढंच टिपायचं.

समजा, घरात चार माणसं आहेत. बादलीच्या आंघोळीला ८० लिटर लागले, स्वयंपाक आणि पिण्याला २०, नळ दहा मिनिटं चालला म्हणून भांड्यांना १००, धुण्याच्या यंत्राला १२०. फ्लशची जुनी टाकी दर वेळी १० लिटर सोडते. प्रत्येकाने पाचदा वापरली, की २०० लिटर गेले. म्हणजे आंघोळीच्या अडीचपट! एकूण ५२०, माणशी १३०. शहरांसाठी धरलं जाणारं प्रमाण माणशी १३५ लिटर आहे.

खरी कसोटी पुढे आहे. रात्री टाकीत येणारं पाणी बंद करून पातळीवर खूण करा आणि कुणी नळ उघडण्याआधी सकाळी पाहा. टाकीचा तळ एक मीटर लांब-रुंद असेल, तर पातळी एक सेंटिमीटर उतरणं म्हणजे १० लिटरची गळती. आवाज न करता गळणारी जागा बहुतेकदा फ्लशच असते. त्याच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास वापर थांबवा. भांड्यात रंग उतरला, तर आतली रबरी झडप बदलायला हवी.