परीक्षकाचा प्रश्न घरी घेऊन या

समजा, तुमच्या फायनलचं सेंटर मुंबईला होतं. परतीच्या देवगिरीत बसेपर्यंत टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो, सर्टिफिकेटं आणि ‘भारी काम केलं यार’चे मेसेज येऊन गेलेले असतात. परभणी स्टेशनवर सगळे उतरतात आणि चार दिवसांत ग्रुप शांत होतो. बक्षीस मिळालेलं असो वा नसो, बहुतेक हॅकेथॉनचा शेवट हाच. मग कुणाला टीममेट आयुष्यभराचा पार्टनर मिळतो, कुणाला परीक्षकाकडून पुढचं काम मिळतं, ते कसं? त्यांनी नंबर जास्त गोळा केलेले नसतात. एका अर्धवट राहिलेल्या प्रश्नावर ते परत आल्यानंतरही काम करत राहिलेले असतात.

आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पनेतलं आहे, पण त्यातला प्रश्न परभणीच्या कुठल्याही कापूस उत्पादकाला माहीत असलेला आहे.

सहा जण कोण?

२०१७ पासून होणाऱ्या ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’मध्ये टीम सहा जणांची असते. निदान एक विद्यार्थिनी हवीच आणि सहाही जण एकाच कॉलेजचे हवेत. मंत्रालयं आणि संस्था आपले प्रश्न देतात. आधी कॉलेजमध्ये अंतर्गत फेरी होते, तिथून निवडलेल्या टीमची कल्पना वर पाठवली जाते आणि सॉफ्टवेअर गटाची फायनल सलग ३६ तासांची असते. नियम दरवर्षी थोडे बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची नियमावली वाचूनच नावं द्या.

समजा, तुम्ही इंजिनिअरिंगचे सहा जण मिळून गुलाबी बोंडअळीवर काम घेतलं. कापसात लावलेल्या कामगंध सापळ्यात कॅमेरा बसवायचा, रात्री अडकलेले पतंग त्याने मोजायचे आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर सूचना पाठवायची. कल्पना चांगली आहे. पण सहाच्या सहा जण कोडिंगवाले असतील तर एक अडचण लपून राहते: किती पतंग झाले की सूचना द्यायची, हे कुणालाच ठाऊक नसतं.

हे सांगू शकणारी माणसं तुमच्याच गावात, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात आहेत. एकाच कॉलेजच्या अटीमुळे तिथला मित्र टीममध्ये येऊ शकत नाही. पण टीमला मार्गदर्शक घेता येतात, आणि त्या जागेवर आपल्याच विभागातल्या सरांचं नाव टाकून मोकळं होण्याऐवजी कीटकशास्त्राच्या प्राध्यापकांना भेटता येतं. ते पहिल्याच भेटीत सांगतील, की निरीक्षणासाठी हेक्टरी पाच सापळे लावतात आणि सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ किंवा जास्त पतंग आले, की नुकसानीची पातळी ओलांडली असं समजतात. आता तुमच्या प्रोग्रॅमला एक नेमका आकडा मिळाला.

असा मित्र शोधायची दुसरी जागा म्हणजे ‘आविष्कार’. २००६ पासून राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने होणाऱ्या या संशोधन स्पर्धेत शेती, अभियांत्रिकी, शुद्ध विज्ञान, वाणिज्य, भाषा असे वेगवेगळे गट असतात. आपलं पोस्टर लावून झालं की बहुतेक जण तिथेच उभे राहतात. परीक्षक येऊन गेल्यावर शेतीच्या गटात एक चक्कर मारा आणि तिथल्या पोस्टरवाल्याला विचारा, “यातला कुठला भाग तुला हाताने करावा लागला?” त्याने जे काम कंटाळत केलं, ते तुम्हाला कदाचित प्रोग्रॅमने करता येईल. मैत्रीची सुरुवात तिथून होते.

अडवणारा प्रश्न

फायनलमध्ये परीक्षक एकदाच येत नाहीत, ३६ तासांत अनेक फेऱ्या होतात. एका फेरीत कुणीतरी विचारतं, “सापळ्यात पतंग एकावर एक पडले तर तुमचा कॅमेरा काय मोजणार?” तुम्ही मॉडेलला शिकवलेल्या फोटोंत पतंग सुटे-सुटे होते. इथे दोन उत्तरं शक्य असतात. एक, “सर, ते आम्ही पुढच्या टप्प्यात करणार आहोत.” दुसरं, “हे आम्ही तपासलेलं नाही.” दुसऱ्या उत्तराने कदाचित गुण कमी होतील, पण परीक्षकाच्या लक्षात तीच टीम राहते. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव आणि प्रश्न, दोन्ही त्याच शब्दांत वहीत लिहून घ्या. सहा जणांपैकी एकाकडे फक्त हेच काम द्या.

परत आल्यावरचे दहा दिवस

अलीकडच्या वर्षांत फायनल डिसेंबरमध्ये झाली आहे. तेव्हा काही शेतांत कापूस उभा असतो आणि पतंगही असतात. डिसेंबरअखेर पीक काढून टाका, फरदड घेऊ नका, असा सल्ला असतो. म्हणजे तुमच्याकडे वेळ थोडा आहे. तो गेला तर पुढच्या हंगामात फुलं-पात्या लागेपर्यंत थांबावं लागेल.

ओळखीच्या शेतात पाच सापळे लावा. दहा दिवस रोज सकाळी हाताने मोजा आणि कॅमेऱ्याचा आकडा शेजारी लिहा. पन्नास नोंदी होतील. समजा, नरसाळ्याच्या सापळ्यात हाताने नऊ पतंग मोजले आणि कॅमेऱ्याने सहाच दाखवले. फरक तीनचाच, पण आठची रेषा मध्ये आहे. असं सलग तीन रात्री झालं, तर ज्या शेतकऱ्याला सूचना जायला हवी होती, त्याला ती जाणारच नाही. परीक्षकाची शंका बरोबर होती, आणि आता तुमच्याकडे तिचा पुरावा आहे.

आता मेसेज लिहायचा. ‘सर, कृपया मार्गदर्शन करा’ याला कुणाकडे उत्तर नसतं. असं लिहा:

“नमस्कार सर. फायनलमध्ये तुम्ही आम्हाला पतंग एकावर एक पडण्याबद्दल विचारलं होतं. आम्ही पाच सापळ्यांवर दहा दिवस मोजलं, कॅमेरा कमी मोजतो असं दिसलं. तक्ता सोबत आहे. चिकट तळाचा सापळा वापरला तर हे टळेल का, एवढंच विचारायचं होतं.”

याला दोन ओळींत उत्तर देता येतं, म्हणून उत्तर येण्याची शक्यता जास्त. उत्तर आलं तर तसं करून पाहा आणि निकाल पुन्हा कळवा. दुसरा मेसेज गेल्यावर तुम्ही त्यांच्यासाठी ‘फायनलमधली एक टीम’ राहत नाही. अर्थात, परीक्षक सरकारी अधिकारी असेल तर तो काम किंवा पैसे देण्याचा शब्द देऊ शकत नाही. तो योग्य माणसाचं नाव सांगू शकतो, आणि तेवढंही पुष्कळ असतं.

टीममेट कधी कळतो?

शेतात पाच सापळे मोजायला रोज सकाळी कोण आलं, ते बघा. सहापैकी दोन आले तर तेच तुमचे सहकारी. बाकीचे चार वाईट नाहीत, त्यांना स्पर्धा करायची होती आणि ती संपली.

फक्त एक गोष्ट जाण्याआधीच ठरवा, कारण जिंकल्यावर ती बोलणं अवघड जातं. बक्षिसाचे किती वाटे, कोड कुणाच्या खात्यात राहणार आणि पुढे दोघांनीच काम चालू ठेवलं तर बाकीच्या चौघांची नावं कुठे येणार, हे एका कागदावर लिहा आणि सहाही जणांनी सह्या करा. अर्ध्या तासाचं काम आहे. अंतर्गत फेरीच्या आदल्या दिवशी, कॅन्टीनमध्येच उरकून टाका.