शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आणि कांद्याची चाळ

जुलै उजाडला की अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात चार-चार जणांचे गट पडतात आणि प्रकल्पाच्या नावांची शोधाशोध सुरू होते. कांद्याच्या पट्ट्यातले महाविद्यालय असेल, तर 'आयओटी बेस्ड स्मार्ट ओनियन स्टोरेज सिस्टीम' किंवा त्याच्या जवळपासचे नाव कुठल्या ना कुठल्या गटाच्या सिनॉप्सिसवर सापडतेच. विषयात काही खोट नाही. खोट असते ती नावाच्या खाली लिहिलेल्या 'प्रॉब्लेम स्टेटमेंट'मध्ये. ते साधारण असे असते: 'भारत हा कृषिप्रधान देश आहे. शेतकऱ्यांना कांदा साठवताना अनेक अडचणी येतात व मोठे नुकसान होते. म्हणून आयओटीवर आधारित, कमी खर्चाची, स्मार्ट यंत्रणा विकसित करणे गरजेचे आहे.'

यातला 'कांदा' शब्द काढून 'टोमॅटो' घाला, काही बिघडत नाही. 'कापूस' घातला तरी चालते. म्हणजेच हा परिच्छेद कांद्याबद्दल काहीच सांगत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की उत्तर प्रश्नातच बसवून टाकले आहे. आयओटी हवे हे पहिल्याच पानावर ठरले, की मग कांद्याला नेमके काय होते हे पाहण्याची गरजच उरत नाही. समस्या लिहिताना एक पथ्य पाळावे: त्यात एकाही उपकरणाचे, सेन्सरचे किंवा तंत्राचे नाव येऊ द्यायचे नाही.

मग काय लिहायचे? त्यासाठी चाळीत जावे लागते. उन्हाळ कांदा मार्चअखेर ते मे या काळात निघतो आणि चाळीत भरला जातो, तो ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत टप्प्याटप्प्याने बाजारात जातो. चाळीतल्या शेतकऱ्याला 'नुकसान किती होते?' असे विचारले, तर एक ढोबळ आकडा मिळेल. 'कशाने होते?' असे विचारले, तर तीन वेगळ्या गोष्टी ऐकायला मिळतील: घट, सड आणि मोड. घट म्हणजे कांद्यातले पाणी उडून वजन कमी होणे. ती पहिल्या दिवसापासून चालू असते. सड पावसाळ्यात, हवा दमट झाली की वाढते. मोड मुख्यतः शेवटी, हवा गार होऊ लागली की येतात. तिन्हींची कारणे वेगळी, काळ वेगळा आणि उपायही वेगळे. 'साठवणुकीतील नुकसान' या एका शब्दात ती तिन्ही कोंबली, की प्रकल्पाचा पाया तिथेच ढासळतो. वायू ओळखणारा सेन्सर सड कदाचित पकडेल, पण वजनातल्या घटीशी त्याचा काही संबंध नाही.

दुसरी गोष्टही चाळीत उभे राहिल्यावरच कळते. उघड्या हवेवरच्या साठवणुकीसाठी २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता चांगली मानतात. म्हणून बहुतेक गट आर्द्रता ७० टक्क्यांवर गेली की शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेश धाडायचे ठरवतात. पण साधी चाळ नैसर्गिक वाऱ्यावर चालते. ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच दमट असते, त्यामुळे तो संदेश रोज येईल आणि शेतकऱ्याला त्यावर फारसे काही करता येणार नाही. ज्या माहितीवरून कोणी काही करू शकत नाही, ती मोजण्यात वर्ष घालवू नये. याउलट, ढिगाच्या कोणत्या कोपऱ्यात सड लागली हे कळले, तर तेवढाच भाग उपसून निवडता येतो. आज ते कळते कसे? वास आल्यावर, किंवा चाळीखाली पाणी गळू लागल्यावर. तोवर शेजारचा कांदाही लागलेला असतो, आणि सगळी चाळ फोडून निवड करायची तर मजुरी अंगावर येते.

आता समस्या लिहिता येते: 'सुमारे २५ टन क्षमतेच्या, नैसर्गिक वायुवीजनाच्या कांदाचाळीत जून ते सप्टेंबर या काळात ढिगाच्या आत सुरू झालेली सड शेतकऱ्याला वास किंवा गळणारे पाणी यावरूनच समजते. तोपर्यंत ती आसपासच्या कांद्यात पसरते. सड ढिगाच्या कोणत्या भागात आहे हे चाळ न फोडता लवकर समजण्याची सोय त्याच्याकडे नाही.' कोणाची अडचण, कुठे, कधी, सध्या काय करतात आणि त्यात काय कमी पडते, एवढे यात आले. आकडा जोडायचा असेल तर तो स्वतः पाहिलेल्या चाळींचा जोडावा. विकलेल्या मालाचे वजन बाजार समितीतल्या हिशोबपट्टीवर मिळते. भरलेल्या मालाचे वजन मात्र अनेकदा ट्रॉलीवरून अंदाजाने धरलेले असते, म्हणून तो आकडा 'अंदाजे' असेच लिहावे. इंटरनेटवरून उचललेल्या देशभराच्या टक्केवारीपेक्षा हा अंदाज व्हायवात जास्त टिकतो.

उद्दिष्टांची गोष्ट याहून अवघड आहे. सिनॉप्सिसमध्ये सहसा 'यंत्रणेची रचना करणे', 'तापमान व आर्द्रतेचे निरीक्षण करणे', 'युझर फ्रेंडली अॅप बनवणे' आणि शेवटी 'साठवणुकीतील नुकसान कमी करणे' अशी यादी असते. पहिली तीन ही कामे आहेत. सोल्डरिंग संपले की ती पुरी झाली, यंत्रणा उपयोगी पडो वा न पडो. चौथे उद्दिष्ट खरे आहे, पण ते कॅलेंडरमध्ये बसत नाही. विषय जुलैमध्ये नोंदवला जातो, हार्डवेअर जानेवारीत तयार होते आणि तोवर उन्हाळ कांद्याच्या चाळी रिकाम्या झालेल्या असतात. पुन्हा भरतील तेव्हा परीक्षा आलेली असेल. शैक्षणिक वर्षात जे मोजताच येणार नाही, ते उद्दिष्ट म्हणून लिहायचे नाही, पुढील वाव या सदरात टाकायचे.

जानेवारी ते मार्चमध्ये मिळतो तो रांगडा कांदा. तो फार टिकत नाही, आणि इथे तो गुण कामाला येतो. महाविद्यालयाच्या शेडमध्ये चाळीसारखाच तळ उचललेला एक जाळीदार कप्पा बांधून, चार फूट उंचीचा, सुमारे पाच क्विंटलचा ढीग लावता येतो. आता उद्दिष्ट असे बनते: 'चार फूट उंचीच्या रांगडा कांद्याच्या ढिगात एक किलो सडका कांदा पुरल्यापासून ४८ तासांच्या आत, योग्य बाजू दाखवणारा इशारा मिळणे.' काय घडले पाहिजे, कोणत्या परिस्थितीत आणि किती वेळात, हे स्पष्ट झाले. आता किती वेळा, हे ठरवायचे.

'अचूकता ९० टक्के' असे लिहून मोकळे होण्याचा मोह इथे होतो. पण टक्केवारीला चाचण्यांची संख्या लागते. संख्याशास्त्रातला एक सोपा नियम आहे: सलग जितक्या चाचण्यांत एकही चूक झाली नाही, त्या संख्येने तीनला भागा, म्हणजे खऱ्या चुकांचे प्रमाण जास्तीत जास्त किती असू शकेल हे ९५ टक्के खात्रीने कळते. म्हणजे चुका १० टक्क्यांहून कमी आहेत असे म्हणायला ३० चाचण्या हव्यात, त्याही एक न हुकता. एका चाचणीला दोन दिवस, आणि ढीग उपसून पुन्हा लावायला एक दिवस. ३० चाचण्यांना ९० दिवस झाले. शिवाय सडका कांदा न पुरता केलेल्या चाचण्याही हव्यात, नाहीतर सतत वाजणारी यंत्रणासुद्धा शंभर टक्के यशस्वी ठरेल. म्हणून १२ चाचण्या सडका कांदा पुरून आणि १२ न पुरता, असे २४ फेऱ्यांचे ७२ दिवस धरावे. १५ जानेवारीला सुरुवात केली तर मार्चअखेर संपतात. उद्दिष्टात मग टक्के न लिहिता सरळ लिहावे: '१२ पैकी किमान १० वेळा सड ओळखणे आणि सड नसलेल्या १२ पैकी दोनपेक्षा जास्त वेळा खोटा इशारा न देणे.'

कांदा पुरण्याचे काम दुसऱ्या गटाच्या मित्राकडे द्यावे. त्याने नाणे उडवून फेऱ्यांचा क्रम आणि पुरण्याची जागा ठरवावी आणि आपल्याला सांगू नये. आणखी एक गोष्ट बहुतेक गट विसरतात: तुलना. रोज सकाळी एखाद्या माणसाने ढिगाभोवती फिरून वास घ्यावा आणि 'सड आहे की नाही, कुठे' हे वहीत लिहावे. त्याच्या नाकालाही ४८ तासांत कळत असेल, तर यंत्राची गरज काय, हा प्रश्न एक्स्टर्नलने विचारण्याआधी आपणच विचारलेला बरा.

मोजायची साधनेही तपासावी लागतात. स्वस्त म्हणून सगळीकडे वापरला जाणारा डीएचटी-११ सेन्सर आर्द्रता पाच टक्के इकडे-तिकडे दाखवू शकतो. हवा आहे तो पट्टा ६५ ते ७० टक्के, म्हणजे मुळात पाच टक्क्यांचाच. अशा सेन्सरने आपण पट्ट्यात आहोत की नाही हे सांगता येत नाही. तपासणी घरीही होते. घट्ट झाकणाच्या बरणीत साध्या मिठाचा ओलसर, न विरघळलेले मीठ शिल्लक असलेला लगदा ठेवला, की खोलीच्या तापमानाला आतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सेन्सर बरणीत, पण मिठाला न टेकता, काही तास ठेवून '७५ पासून तीन टक्क्यांच्या आत वाचन' हे दुसरे उद्दिष्ट करता येते. वायूसाठी सर्रास घेतला जाणारा एमक्यू-१३५ अमोनिया, अल्कोहोल, धूर अशा बऱ्याच गोष्टींना प्रतिसाद देतो आणि नवा असताना त्याला बराच वेळ तापवावे लागते. खोट्या इशाऱ्यांच्या त्या १२ फेऱ्या का हव्यात, ते यावरून कळेल. 'स्वस्त' म्हणजे किती रुपये आणि त्यात काय धरले, 'सोपे' म्हणजे संदेश वाचून शेतकरी कोणाच्या मदतीशिवाय योग्य बाजूला पोचला का, हे एकेका ओळीत लिहिले की पुरे.

आता १२ पैकी सातच वेळा सड सापडली तर? उद्दिष्ट साधले नाही असे लिहायचे, आणि कोणत्या खोलीवर, कोणत्या बाजूला हुकले तो तक्ता जोडायचा. पुढच्या वर्षीचा गट तिथून पुढे जाऊ शकतो. आणि व्हायवात 'तोटा किती कमी झाला?' असे विचारले, तर तो मोजलेला नाही, कारण मोजायला पूर्ण हंगाम लागतो, आणि हे निष्कर्ष रांगड्याचे आहेत, उन्हाळ कांद्याला जसेच्या तसे लागू नाहीत, एवढे सांगावे.

गाइड सरांना आणि मॅडमना एक विनंती. सिनॉप्सिसवर सही करण्याआधी गटाकडून निकालाचा रिकामा तक्ता मागा: कोणते रकाने, किती ओळी, कोणते एकक, नोंद कोण करणार. ज्या उद्दिष्टासाठी रकान्याचे नाव सुचत नाही, ते त्याच दिवशी खोडायला सांगा.