ज्वारीनंतर हरभरा का?

खरिपात ज्वारीने जमिनीतलं नत्र ओढलं, की रब्बीत आपण हरभरा पेरतो. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र पिकाला देतात. पाच-सहा आठवड्यांनी रोप उपटून एक गाठ कापून बघा. आत गुलाबी दिसली तर काम चालू आहे; पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. युरिया जास्त झाला तर गाठी नीट धरतच नाहीत. पुढे हरभऱ्याची मुळं, पाला कुजून येत्या ज्वारीलाही थोडं नत्र मिळतं.

पण स्फुरद हवेतून येत नाही, आणि दाण्यांबरोबर ते दर हंगामात शेताबाहेर जातं. म्हणून पेरताना आपण हेक्टरी १०० किलो डीएपी देतो. त्यात ४६ किलो स्फुरद, आणि गाठी धरेपर्यंत पुरेल असं १८ किलो नत्र असतं.