रोजच्या गोळीची आठवण: क्रॉन जॉब की फोनचा अलार्म?

समजा, येरमाळ्यातल्या एका घरात आजीला रोज रात्री नऊला बीपीची गोळी घ्यायची आहे. घरात लिनक्स असलेला जुना कॉम्प्युटर आहे आणि नातवाला क्रॉन येतो. साहजिकच त्याच्या डोक्यात आधी हेच येतं.

क्रॉन हा मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम. तो दर मिनिटाला एक यादी बघतो आणि ज्या कामाची वेळ झाली असेल ते करतो. `crontab -e` ही आज्ञा देऊन त्या यादीत अशी ओळ लिहायची:

```
0 21 * * * notify-send "गोळी घ्या"
```

आधी मिनिट, मग तास. उरलेले तीन तारे म्हणजे कोणतीही तारीख, महिना आणि वार.

ओळ बरोबर आहे, पण नऊ वाजता स्क्रीनवर बहुधा काहीच दिसणार नाही. कारण क्रॉनला समोर कोणाचा स्क्रीन चालू आहे हे माहीत नसतं, ते वेगळं सांगावं लागतं. तेही जमलं असं धरू. पण नेमकी नऊला लाईट गेली तर? क्रॉन चुकलेलं काम नंतर करत नाही आणि चुकलं हे कोणाला कळतही नाही. चुकलेली कामं उरकणारा अॅनाक्रॉन असतो, पण तो वेळ नाही, दिवस मोजतो. रात्रीच्या गोळीची आठवण सकाळी आली, तर आजी दोन गोळ्या घ्यायची!

मग भाड्याचा सर्व्हर घ्यावा, तो सहसा बंद पडत नाही. पण अशा सर्व्हरचं घड्याळ बहुतेकदा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. वरची ओळ तिथे आपल्याकडच्या रात्री अडीचला चालेल. `30 15 * * *` लिहिलं तर नऊ वाजतील. पण तो संदेश शेवटी येणार फोनवरच, तोही नेट असेल तर.

त्यापेक्षा फोनमधल्या घड्याळाचा रोजचा अलार्म बरा. त्याला नेट लागत नाही आणि फोन झोपलेला असला तरी सिस्टीम त्याला वेळेवर उठवते. फोन मात्र चालू हवा आणि अलार्मचा आवाज वेगळा तपासायला हवा.

वेगळं रिमाइंडर अॅप घेतलं तर गोची बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगची. आठवण उशिरा, फोन हातात घेतल्यावरच येत असेल, तर अॅपला फोनने झोपवलंय असं समजा. अशा वेळी त्या अॅपची बॅटरीची बंधनं काढायची आणि अँड्रॉइडमध्ये `Alarms & reminders` ही परवानगी चालू आहे का ते बघायचं. चाचणी घेताना फोन चार्जिंगवरून काढून, लॉक करून तासभर तसाच ठेवायचा. हातात धरून घेतलेली चाचणी नेहमीच पास होते.

क्रॉनची जागा वेगळी आहे. दुकानाच्या हिशोबाची कॉपी रात्री दोनला काढायची असेल, तर तिथे कोणाला उठवायचंच नसतं.