बारा हजार टॉवेलांआधी सोलापूरची एक फेरी

गोव्यातल्या एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर बाईंनी माझ्यासमोर दोन टॉवेल ठेवले. दोन्ही मीच पुरवलेले, एकाच ऑर्डरमधले. चार-पाच धुण्यांनंतर एक छान फुलला होता, दुसरा आखडून कडक झाला होता. तिथल्याच काट्यावर वजन केलं. एक ५०५ ग्रॅम, दुसरा ४४८. पुरवठादाराकडे खोदून विचारल्यावर कळलं की निम्मा माल त्याने स्वतःच्या मागांवर विणला होता आणि तारीख गाठण्यासाठी उरलेला दुसऱ्याकडून उचलला होता. मी पसंत केलेला नमुना अगदी खरा होता. पण नमुना म्हणजे एक टॉवेल, आणि तो बनवायला त्याच्याकडे हवा तेवढा वेळ होता. मोठी ऑर्डर कुठे, किती दिवसांत आणि कोणाच्या हातून बनणार, हे नमुन्यावरून कळत नाही. ते कारखान्यात जाऊनच पाहावं लागतं.

त्यानंतर हॉटेलांसाठी १२,००० पांढरे बाथ टॉवेल घ्यायची वेळ आली, तेव्हा सोलापूरच्या एका नव्या कारखानदाराशी बोलणं सुरू होतं. नमुना उत्तम होता, दर पटला होता. मी आधी फोन केला आणि लगेच रीतसर पत्रही पाठवलं. नुसतं “एकदा बघायला येतो” म्हटलं की समोरच्याला वाटतं, याचा आपल्यावर विश्वास नाही, किंवा हा आपला विणकर आणि आपला प्रोसेसवाला शोधून उद्या थेट त्यांच्याकडे जाणार. ही भीती खोटी नसते. असं करणारे गिऱ्हाईक असतात. म्हणून पत्रात ऑर्डरचा आकडा पहिला यायला हवा, काय पाहायचं ते स्पष्ट हवं आणि आपण काय करणार नाही तेही लिहिलेलं हवं. माझं पत्र असं होतं :

“आपण पाठवलेला ७५ बाय १५० सेंटिमीटरचा पांढरा टॉवेल आम्हाला पसंत आहे. असे १२,००० नग घ्यायचा विचार आहे. आपल्याकडे ही आमची पहिलीच ऑर्डर आणि तीही मोठी, म्हणून ती पक्की करण्याआधी कारखाना पाहायची इच्छा आहे. मी आणि धुलाईचं काम जाणणाऱ्या आमच्या एक सहकारी, असे दोघं येऊ. सकाळी साडेनऊ ते दुपारी दोन एवढा वेळ लागेल. पॅकिंग, शिलाई, माग आणि सुताचं गोदाम या क्रमाने पाहायला आवडेल. ब्लीचिंग किंवा आणखी कुठलं काम बाहेर होत असेल, तर ती जागाही आपल्यासोबत पाहू. टॉवेल मागावर चालू असतील असा दिवस आपण सुचवावा. इतर ग्राहकांच्या डिझाइनचे फोटो घेणार नाही. बाकीचेही विचारल्याशिवाय काढणार नाही. प्रवास आणि मुक्कामाचा खर्च आमचा. शेवटचा एक तास दर, हप्ते आणि तारखा यांसाठी ठेवावा आणि त्या वेळी निर्णय घेणारी व्यक्ती हजर असावी, ही विनंती.”

यातला “आपल्यासोबत” हा शब्द मी मुद्दाम घातला. बाहेरच्या प्रोसेस हाऊसला मी परस्पर जाणार नाही, हे त्यातून कळतं. दिवस त्यांनी ठरवावा हेही मुद्दाम. अचानक गेलं की खरं चित्र दिसतं असं काही जण मानतात. पण साप्ताहिक सुट्टीच्या किंवा बीम बदलण्याच्या दिवशी पोचलात, तर बंद माग पाहून परत यावं लागतं. शिवाय चार दिवसांच्या सूचनेने पसारा आवरता येतो, पण चार दिवसांत मागांची संख्या वाढवता येत नाही. आणि उत्तर कसं येतं यावरूनही बरंच कळतं. या कारखानदाराने दुसऱ्याच दिवशी लिहिलं की ब्लीचिंग आपल्याकडे होत नाही, ते जॉबवर्कवर जातं, आणि प्रोसेसवाल्याशी बोलून दुपारची वेळ ठरवतो. मला हे उत्तर आवडलं. विचारायच्या आधीच त्याने आपली बाहेरची बाजू दाखवली होती.

निघण्यापूर्वीची तयारी फार नव्हती. जीएसटी पोर्टलवर त्याचा नंबर टाकून नोंदणी चालू आहे का आणि कारखान्याचा पत्ता तिथे दिसतो का, हे पाहिलं. प्रोसेस हाऊसकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं चालू संमतिपत्र आहे का, हे आधीच विचारलं. ब्लीचिंगच्या सांडपाण्यावरून युनिट बंद पडलं तर विणलेला माल तिथेच अडकतो. पिशवीत डिजिटल काटा, टेप, पिका मोजायचं भिंग आणि दोन्ही बाजूंच्या सह्या केलेला पसंतीचा टॉवेल. असे दोन टॉवेल आम्ही करून घेतले होते, एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.

सह्या केलेला टॉवेल नेण्याचं कारण सांगतो. या धंद्यात सगळे जीएसएममध्ये बोलतात, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. आमचा टॉवेल १.१२५ चौरस मीटरचा. ४५० जीएसएम धरला तर वजन साधारण ५०६ ग्रॅम. पण टॉवेल धुण्यात आटला की क्षेत्रफळ कमी होतं आणि जीएसएम वाढतो. सूत मात्र तेवढंच राहतं. जीएसएमचा आकडा जुळतो आणि टॉवेल छोटा मिळतो. म्हणून करारात माप आणि नगाचं वजन, दोन्ही एक धुणं देऊन वाळवल्यानंतरचं लिहावं. दुसरी अडचण हवेची. कापूस हवेतला ओलावा ओढतो. कोरड्या सुताच्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा व्यापारात प्रमाण मानतात आणि पावसाळी हवेत तो त्याहून वाढतो. मार्चमध्ये सोलापुरात केलेलं आणि जुलैमध्ये गोव्यात केलेलं वजन जुळणार नाही. पण सहीचा टॉवेल आणि नवा टॉवेल काही तास एकाच खोलीत ठेवून एकाच काट्यावर घातले, तर हवेचा वाद उरत नाही.

कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत होता. मी नेहमी उलटा फिरतो, पॅकिंगकडून सुताकडे. मालक साहजिकच मागांपासून सुरुवात करतात, कारण यंत्रं चालताना पाहून पाहुण्याचं समाधान होतं. पण कारखान्याची सवय पॅकिंगच्या टेबलाशी दिसते. तिथे दुसऱ्या कुणाच्या ऑर्डरचे टॉवेल घड्या घालून रचले होते. परवानगी घेऊन मी वेगवेगळ्या गठ्ठ्यांच्या मधले दहा काढले आणि तोलले. सर्वांत हलका ४९४, सर्वांत जड ५१३. त्या ऑर्डरचं ठरलेलं वजन ५०० होतं. एवढा फरक मला चालतो. मग सेकंडचा ढीग कुठे आहे, असं विचारलं. कोपऱ्यात वेगळ्या रॅकवर तो होता आणि प्रत्येक टॉवेलवर दोष दाखवणारी चिकटपट्टी होती : सुटलेला लूप, तेलाचा डाग, वाकडी बॉर्डर. ढीग बघून मला बरं वाटलं. सेकंड निघतच नाही असं कुणी सांगितलं, तर तो माल कुठल्या गठ्ठ्यात गेला, हे मला शोधावं लागतं.

माझ्या सहकारी ताईंनी पाण्याचा पेला मागवला आणि टॉवेलचा छोटा तुकडा अलगद पाण्यावर सोडला. तो काही सेकंदांत बुडाला. सॉफ्टनर जास्त मारलेला टॉवेल हाताला रेशमासारखा लागतो, पण पाण्यावर तरंगत राहतो. आंघोळीनंतर अंग पुसलं जात नाही, ही पाहुण्यांची तक्रार तिथूनच येते.

मागांवर मी काहीच तोलत नाही. मागावरच्या कोऱ्या टॉवेलमध्ये खळ आणि कापसाचं मूळचं मेण असतं. ब्लीचिंगमध्ये दोन्ही जातात, वजन उतरतं. तिथे मी मोजतो ती गती. बारा रेपियर माग होते. पत्र्यावरच्या छोट्या पडद्यावर मिनिटाला २४० पिका दिसत होत्या. जॉबर म्हणाला, धागा तुटणं, बीम संपणं वजा जाता ऐंशी टक्के पडतात. म्हणजे खरे १९२. भिंगाने मोजून एका टॉवेलला साधारण २,८०० पिका आल्या. एका टॉवेलच्या लांबीला जेमतेम १५ मिनिटं, आणि मागावर शेजारी-शेजारी दोन टॉवेल निघतात. ताशी आठ. रोज २२ तास माग चालले, तर एका मागाचे पावणेदोनशेच्या वर. आमच्यासाठी चार माग देणार होता, म्हणजे रोज सुमारे ७०० आणि १२,००० नगांना १७ दिवस. त्याने “तीन आठवड्यांत देतो” म्हटलं होतं. इथपर्यंत हिशोब जुळत होता.

दुपारी प्रोसेस हाऊसला गेलो आणि तो कोलमडला. तिथलं यंत्र एका वेळी ५०० किलो माल घेत होतं. आमचे टॉवेल एकूण सहा टन, म्हणजे बारा लॉट. आणि या कारखानदाराला तिथे आठवड्याला दोनच लॉट मिळत होते. सहा आठवडे! यात खोटेपणा कुठेच नव्हता. त्याने तारीख मागांवरून काढली होती, कारण माग त्याचे होते. पण आम्ही तिथे गेलो नसतो, तर तिसऱ्या आठवड्यात गोव्यातून फोन सुरू झाले असते आणि मग घाईत दुसऱ्या प्रोसेसवाल्याकडे माल गेला असता, ज्याचा पांढरा रंग वेगळा.

शेवटचा तास आम्ही गोदामात, सुताच्या पोत्यांशेजारी बसून काढला. सहा टन मालाला वाया जाणारं धरून साडेसहा टन सूत लागतं. किलोला २५० रुपये धरले, तरी सव्वासोळा लाखांचं. गोदामात आमच्या नंबरचं सूत दीड टन होतं. तेव्हा मला कळलं की तो निम्मी रक्कम आगाऊ का मागतोय. ती मागणी वाजवी होती; पण सगळं सूत एकदम घ्यायची गरज नव्हती, कारण ब्लीचिंग एकदम होणार नव्हतं. आम्ही ऑर्डरचे भाग पाडले. पहिले ३,००० नग, म्हणजे तीन लॉट, आणि तेवढ्याच सुताची आगाऊ रक्कम. ते धुऊन, तोलून पसंत पडले की उरलेले ९,०००, त्याच दराने. कुठलंही काम दुसरीकडे द्यायचं झालं, तर आधी लेखी कळवायचं, हेही ठरलं.

मग त्यांच्याकडे भाकरी आणि शेंगाचटणी जेवलो. जेवण शेवटी ठेवायचं, कारण भरल्या ताटानंतर पैशांचं बोलणं मला जड जातं. संध्याकाळी मुक्कामावरूनच दिवसभराची टिपणं त्याला पाठवली : पाहिलेले माग, तोललेले दहा टॉवेल, लॉटचा हिशोब, ठरलेले टप्पे, आणि “यात काही चुकलं असेल तर दुरुस्त करावं” ही ओळ. सकाळी उत्तर आलं. त्याने एकच आकडा बदलला होता. प्रोसेसवाल्याशी रात्री बोलून पुढच्या महिन्यापासून आठवड्याला तिसरा लॉट मिळवला होता.

पहिले ३,००० टॉवेल आले, तेव्हा ताईंनी वरचा गठ्ठा बाजूला सारून तळातला फोडला आणि मधला टॉवेल ओढून काढला. धुऊन, वाळवून, रात्रभर सहीच्या टॉवेलशेजारी ठेवला. सकाळी काट्यावर सहीचा ५०६ होता आणि तो ५०३.