दाखल्याबरोबर अनामतही मागा

शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज केला की बऱ्याच खासगी शाळांत आधी एक ‘नो ड्यूज’चा कागद हातात देतात. त्यावर ग्रंथालय, प्रयोगशाळा, बस, लेखा विभाग अशा चार-पाच जणांच्या सह्या आणायच्या असतात. सगळ्यात खाली पालकाच्या सहीची जागा असते आणि तिच्यावर बारीक अक्षरात एखादी ओळ छापलेली असते: ‘शाळेकडून मला कोणतेही येणे नाही.’ दाखला मिळवायची घाई असते, मागे रांग असते, त्यामुळे पालक ती ओळ न वाचताच सही करतात. पुढे महिनाभराने अनामत रकमेची आठवण होते तेव्हा लेखा विभागातला कारकून शांतपणे तोच कागद पुढे सरकवतो.

शाळेकडे आपले दोन प्रकारचे पैसे असू शकतात. कायद्याच्या आणि हिशेबाच्या नजरेने ते अगदी वेगळे आहेत. पहिले म्हणजे अनामत, कॉशन मनी किंवा सिक्युरिटी डिपॉझिट. प्रवेशाच्या वेळी एकदाच घेतलेली ही रक्कम शाळेची कमाई नव्हे. ताळेबंदात ती देणी म्हणून दाखवायची असते. मुलाने काही मोडलं, पुस्तक हरवलं किंवा फी थकली, तर त्यातून वळती करून उरलेली रक्कम परत द्यायची, एवढाच तिचा उपयोग. दुसरे म्हणजे आगाऊ भरलेली फी. ती शाळेच्या उत्पन्नात जाते आणि मूल मध्येच शाळा सोडून गेलं तर त्यातली किती परत मिळेल, हे बरंचसं शाळेच्या लेखी नियमांवर ठरतं. पहिल्या रकमेवर आपला हक्क भक्कम आहे. दुसऱ्या रकमेसाठी मात्र मागणी आणि युक्तिवाद दोन्ही लागतात. दोन्ही एकत्र करून ‘आमचे पैसे द्या’ असं म्हटलं, की शाळा दुसऱ्या रकमेचा वाद पुढे करते आणि पहिलीही लटकते.

अनामतीबाबत दिल्लीचा नियम फार स्पष्ट आहे. तिथल्या शिक्षण संचालनालयाच्या फेब्रुवारी 2009 च्या आदेशानुसार खासगी शाळेला एका विद्यार्थ्याकडून 500 रुपयांपेक्षा जास्त अनामत घेता येत नाही. ही रक्कम शाळेच्या नावाने शेड्यूल्ड बँकेत ठेवायची आणि विद्यार्थी शाळा सोडताना व्याजासह परत करायची, पालकाने मागितली असो वा नसो. आपल्याकडे कोणी ‘व्याज कसलं मागता?’ म्हणून हसलं, तर हे उदाहरण सांगावं. दिल्लीचा आदेश महाराष्ट्रातल्या शाळेला बांधील नाही, पण मागणी चमत्कारिक नाही एवढं त्यावरून दिसतं.

आता एक हिशेब मांडून पाहू. समजा, पुण्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत मुलगी सहावीत आहे आणि शाळेचं वर्ष एप्रिल ते मार्च असं चालतं. पहिलीत प्रवेश घेताना 10,000 रुपये अनामत भरली होती. वर्षाची फी 72,000, दोन हप्त्यांत. ऑक्टोबर ते मार्चचा 36,000 चा हप्ता भरून झाला आहे. त्यात 27,000 शिक्षण शुल्क आहे, उरलेले 9,000 संगणक, उपक्रम वगैरे शीर्षांखाली. बसचे महिन्याला 2,400 प्रमाणे ऑक्टोबर ते डिसेंबरचे 7,200 वेगळे. वडिलांची बदली नागपूरला झाली. शाळेच्या माहितीपुस्तिकेत ‘एक महिन्याची लेखी पूर्वसूचना’ असं लिहिलेलं आहे. पालकांनी 6 ऑक्टोबरला अर्ज दिला आणि मुलीचा शाळेतला शेवटचा दिवस 31 ऑक्टोबर ठरला.

सूचनेचा महिना 6 नोव्हेंबरला संपतो, म्हणून शाळा नोव्हेंबर पूर्ण धरणार हे गृहीत धरू. डिसेंबर ते मार्चचे चार महिने उरतात. शिक्षण शुल्क महिना 4,500 पडतं, म्हणजे 18,000 रुपये मागता येतात. बस नोव्हेंबरपासून वापरायचीच नाही, म्हणून दोन महिन्यांचे 4,800. अनामतीचे 10,000, त्यातून ग्रंथालयातल्या हरवलेल्या पुस्तकाचे 350 वजा, म्हणजे 9,650. तिन्ही मिळून 32,450 रुपये. उपक्रम आणि संगणकाच्या 9,000 पैकी चार महिन्यांचे 6,000 होतात, पण तिथे शाळा म्हणणार की हा वर्षाचा खर्च आहे, तो आधीच झाला. या म्हणण्यात थोडं तथ्य असतं. मी ते 6,000 मागेन, पण त्यांच्यावरून बाकीचं अडवून धरणार नाही.

या हिशेबातला कळीचा कागद म्हणजे तो 6 ऑक्टोबरचा अर्ज. वर्गशिक्षिकेला तोंडी सांगितलं होतं किंवा पालकांच्या ग्रुपवर निरोप टाकला होता, हे पूर्वसूचनेत धरलं जात नाही. सूचना मोजली जाते ती कार्यालयाने आवक क्रमांक टाकल्याच्या तारखेपासून. म्हणून अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, क्रमांक आणि सही घेऊनच खिडकी सोडावी. ‘साहेब आल्यावर पोच देतो’ असं उत्तर आलं, तर तोच अर्ज शाळेच्या अधिकृत ईमेलवर आणि स्पीड पोस्टाने त्याच दिवशी पाठवावा. पुढचा हप्ता भरायच्या आत अर्ज देता आला, तर परतावा मागायची वेळच येत नाही. बदलीचा आदेश हातात पडायची वाट पाहत पालक हप्ता भरून टाकतात, तिथेच निम्मी बाजी हातची जाते.

माझं मत असं की अर्ज दोन करावेत, त्याच दिवशी पण वेगवेगळे. एक मुख्याध्यापकांना, फक्त दाखल्यासाठी. दुसरा मुख्याध्यापकांना आणि संस्थेच्या सचिवांना, परताव्यासाठी. एकाच कागदावर दोन्ही लिहिलं की तो कागद लेखा विभागाच्या टेबलावर जातो आणि दाखलाही तिथेच अडकतो. परताव्याच्या अर्जात मजकूर थोडा पुरे: मुलीचं नाव, इयत्ता, जनरल रजिस्टर नंबर, अनामत भरल्याची पावती क्रमांक, तारीख आणि रक्कम, आगाऊ फीचा वर मांडला तसा महिनावार हिशेब, काही कपात करणार असाल तर कशासाठी किती ते लेखी कळवावं ही विनंती, आणि पैसे ज्या खात्यात हवेत त्याच्या रद्द केलेल्या चेकची प्रत. अनामत आणि फी यांच्या रकमा दोन स्वतंत्र परिच्छेदांत लिहा.

पावतीचं काय, हा नेहमीचा घोळ. पाच-सहा वर्षांपूर्वीची पावती थर्मल कागदावर असेल तर ती कोरी पडलेली असते. पण शाळेच्या खातेवहीत नोंद असते आणि आपल्या बँकेच्या खातेउताऱ्यात चेक किंवा ऑनलाइन व्यवहार दिसतो. त्या पानाची प्रत जोडावी आणि मूळ पावती हरवल्याचं हमीपत्र देण्याची तयारी दाखवावी. रोख भरली असेल आणि पावतीही नसेल, तर काम अवघड आहे. तेव्हा त्याच वर्षी प्रवेश घेतलेल्या दुसऱ्या पालकाच्या पावतीवरून निदान अनामत घेतली जात होती एवढं दाखवता येतं.

आता पुन्हा त्या ‘येणे नाही’वाल्या ओळीकडे. ती खोडायला कोणी देत नसेल तर सहीशेजारी एवढंच लिहावं: ‘अनामत रु. 10,000 व आगाऊ फी परतावा येणे बाकी, अर्ज आवक क्र. अमुक.’ मग त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. दाखला हातात पडतो तेव्हा पैसे मिळालेले नसतातच. लेखा विभाग पंधरा दिवस, महिना असं काहीतरी सांगतो. तेवढा वेळ रास्त आहे, फक्त तारीख लेखी घ्यावी.

उलट बाजूने शाळा कधीकधी दाखलाच रोखून धरते, ‘आधी उरलेल्या वर्षाची फी भरा’ म्हणून. शिक्षण हक्क कायदा, 2009 चं कलम 5 इथे उपयोगी पडतं. पहिली ते आठवीच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर आधीच्या मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा आहे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. मूल एका विनाअनुदानित शाळेतून दुसऱ्या विनाअनुदानित शाळेत जात असेल तर हे कलम तसंच्या तसं लागू होत नाही, हे लक्षात ठेवावं. दाखला हे थकीत फी वसूल करायचं साधन नाही, असं मद्रास उच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. तो निकाल आपल्या राज्यात बंधनकारक नसला तरी पत्रात नमूद करण्याजोगा आहे.

पैसे आलेच नाहीत तर? इथे पालक हमखास दोन चुकीच्या दारांत जातात. पहिलं म्हणजे यूजीसीचं परिपत्रक. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेआधी 15 दिवस रद्द केलं तर शंभर टक्के, मग 90, 80, 50 असं उतरत जाणारं ते कोष्टक महाविद्यालयं आणि विद्यापीठांसाठी आहे, शाळांसाठी नाही. दुसरं दार विभागीय शुल्क नियामक समितीचं. महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याखालची ही समिती मुख्यतः फीवाढीचे वाद पाहते. पुढे कायद्यात झालेल्या दुरुस्तीने पालकांच्या तक्रारीसाठी किमान 25 टक्के पालक लागतात. एकट्या पालकाच्या परताव्यासाठी ती नाही.

आपलं दार म्हणजे जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी, इयत्तेप्रमाणे प्राथमिक किंवा माध्यमिक. मुंबईत माध्यमिकसाठी शिक्षण निरीक्षक. त्यांच्याकडे दोन्ही अर्जांच्या पोचप्रती, हिशेब आणि शाळेचं उत्तर (किंवा उत्तर न आल्याची नोंद) जोडून तक्रार द्यावी. हे अधिकारी दिवाणी न्यायालयासारखे पैसे वसूल करून देत नाहीत, पण त्यांचं खुलासा मागणारं पत्र शाळेत पोचलं की लेखा विभागाला अनामतीची नोंद लवकर सापडते. ग्राहक आयोगाकडे जाण्याचा सल्ला अनेक जण देतात. राष्ट्रीय आयोगाने 2020 मध्ये शिक्षणसंस्थांच्या शैक्षणिक कामाला ग्राहक कायद्याबाहेर ठेवलं, त्यामुळे तिथे पहिली लढाई ‘आमची तक्रार ऐका’ याचीच करावी लागते. वकिलाची नोटीस आणि मग दिवाणी दावा हा रस्ता उरतो. त्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. पण दहा हजारांसाठी कोर्टाची पायरी चढायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं.

दहावी झाल्यावर दाखला नेणाऱ्यांचं वेगळंच होतं. निकालानंतर अकरावीच्या प्रवेशाची धांदल असते. गुणपत्रिका आणि दाखला घ्यायला मुलगा एकटाच जातो आणि नो ड्यूजवर तोच सही करून येतो. अनामत पालकांनी भरलेली असते, परतावाही पालकाच्याच खात्यात यायचा असतो, त्यामुळे मुलाच्या सहीने पालकाचं येणं संपलं असं शाळेला सहजी म्हणता येऊ नये. गेल्या वर्षी-दोन वर्षांत असं झालं असेल, तर खातेउताऱ्याची प्रत जोडून परताव्याचा अर्ज आजही देता येतो.