ब्लीचिंग पावडरची घाऊक सवलत : खरेदी किती आणि केव्हा?

रेशीम कीटक संगोपनगृहाच्या निर्जंतुकीकरणासाठी 2 टक्के ब्लीचिंग पावडर 0.3 टक्के विरलेल्या चुन्याच्या द्रावणात वापरण्याची पद्धत म्हैसूर परिसरात रूढ आहे. वर्षभरात अनेक पिके घेणाऱ्या शेतकरी गटाला ही पावडर सतत लागते आणि विक्रेता मोठ्या खरेदीवर सवलत देऊ करतो. ती स्वीकारावी का, हे केवळ दर पाहून ठरत नाही.

गणितासाठी एक गृहीत उदाहरण घेऊ. गटाची वार्षिक गरज (D) 1,200 किलो आणि प्रत्येक खरेदीचा वाहतूक व फेरीचा खर्च (S) 300 रुपये आहे. 200 किलोपेक्षा कमी घेतल्यास दर 40 रुपये, 200 ते 599 किलोला 38 आणि 600 किलोपासून पुढे 37 रुपये. एक किलो माल वर्षभर साठवण्याचा खर्च H मानल्यास किफायतशीर खरेदीचे प्रमाण असे निघते :

Q = √(2DS/H)

प्रथम सर्वांत स्वस्त दराने Q काढावा. तो त्या दराच्या टप्प्यात बसत नसेल, तर त्या टप्प्याची किमान मात्रा धरून एकूण खर्च काढावा आणि मग पुढच्या महाग दराकडे वळावे. ज्या दराला Q टप्प्यात बसतो तेथे थांबावे. त्याहून महाग दर तपासण्याची गरज उरत नाही. मालाची किंमत, खरेदीचा खर्च आणि साठवणुकीचा खर्च यांची बेरीज जेथे सर्वांत कमी, तो पर्याय निवडावा.

साठवणुकीत केवळ 10 टक्के व्याज धरले, तर 37 रुपये दराने Q 441 किलो येतो. तो टप्प्यात बसत नाही, म्हणून 600 किलो धरावे लागतात. एकूण खर्च 46,110 रुपये होतो. 38 रुपये दराने Q 435 किलो, म्हणजे टप्प्यात बसणारा, आणि खर्च 47,254 रुपये. येथे घाऊक खरेदी 1,144 रुपयांनी स्वस्त पडते.

परंतु ब्लीचिंग पावडरमधील उपलब्ध क्लोरीन उष्णता, ओलावा आणि हवेच्या संपर्काने घटत जातो. चार महिन्यांत तो 30 टक्क्यांवरून 27 वर आला, तर मूळ मूल्याचा दहावा भाग गेला, म्हणजे वर्षाला सुमारे 30 टक्के. व्याजासह साठवणुकीचा खर्च 40 टक्के होतो. आता 600 किलोंचा एकूण खर्च 49,440 रुपये येतो. 38 रुपये दराने Q 218 किलो निघतो. 25 किलोंच्या पोत्यांनुसार 225 किलो घेतल्यास खर्च 48,910 रुपये. निष्कर्ष उलटला आणि छोटी खरेदी 530 रुपयांनी सरस ठरली.

हे गणित क्लोरीनची घट सरळ प्रमाणात मानते, प्रत्यक्षात पावसाळ्यात किंवा उघड्या पोत्यात ती वेगाने होते. म्हणून पोते उघडताना आणि संपत आल्यावर उपलब्ध क्लोरीन तपासून घ्यावा व स्वतःच्या कोठारातील घटीचाच दर गणितात वापरावा. 27 टक्क्यांच्या पावडरचे नेहमीच्या प्रमाणात केलेले द्रावण अपेक्षेपेक्षा दहाव्या भागाने कमकुवत असते. तेवढीच ताकद मिळवण्यासाठी 2 ऐवजी सुमारे 2.2 टक्के पावडर लागते. ती न वाढवल्यास ग्रासरीचे विषाणू संगोपनगृहात तग धरण्याचा धोका वाढतो आणि रोगाने गेलेल्या एका पिकापुढे किलोमागे वाचलेला रुपया नगण्य ठरतो.